चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे लागण आहेच का? संभाव्यता-वृक्षाने सोडवलेले वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्याला बारावीच्या मुलांना सशर्त संभाव्यता शिकवायला घेतली की दर वर्षी तेच प्रश्न येतात. थोडे मुलांचे, थोडे त्यांच्या पालकांचे, आणि एखादा लॅबमध्ये काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्याचा. सगळे इथे एकत्र केले आहेत. जवळजवळ सगळी उत्तरं एकाच उदाहरणावर आहेत, त्यामुळे पहिले तीन प्रश्न ओळीने वाचा. पुढचे हवे तसे वाचले तरी चालतील.

उदाहरण कोणतं घेतलं आहे?

लग्नाआधीच्या एचआयव्ही चाचणीचं. गोव्यात लग्नाची नोंदणी सिव्हिल रजिस्ट्रारकडे करावीच लागते. आधी पहिली सही, मग दुसरी, हे इथल्या प्रत्येक घराला माहीत असतं. या नोंदणीच्या वेळी एचआयव्ही चाचणी सक्तीची करावी, असा प्रस्ताव २००६ मध्ये सरकारी पातळीवर पुढे आला होता आणि २०१९ मध्ये त्याची पुन्हा चर्चा झाली. (२०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार माणसाच्या संमतीशिवाय ही चाचणी करता येत नाही, ती बाजू वेगळी.) आपण फक्त गणित पाहू: लक्षणं नसलेल्या, सरसकट सगळ्या वधूवरांची एकदाच चाचणी केली तर पॉझिटिव्ह निकालाचा अर्थ काय निघेल?

त्यासाठी तीन आकडे लागतात. तपासल्या जाणाऱ्यांपैकी किती जणांना खरंच लागण आहे, हा पहिला. आपण दर हजारी २ धरू. देशातल्या प्रौढांचा अंदाजे आकडा एवढाच आहे. हे गोव्यातल्या वधूवरांचं सर्वेक्षण नाही, गणितासाठी धरलेला आकडा आहे. दुसरा आकडा संवेदनशीलतेचा: लागण असलेल्या माणसाला किट किती वेळा पकडतं? आपण ९९.५ टक्के धरू. तिसरा विशिष्टतेचा: लागण नसलेल्याला किट किती वेळा बरोबर सोडून देतं? तो ९८ टक्के. शेवटचे दोन आकडे मी मनाने घेतलेले नाहीत. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना म्हणजे नाको, रॅपिड किटकडून किमान एवढी अपेक्षा ठेवते.

किट ९८ टक्के अचूक असेल, तर पॉझिटिव्ह आलेल्याला लागण असण्याची शक्यता ९८ टक्के नाही का?

नाही. सगळा घोळ इथेच होतो.

'अमुक असेल तर तमुक' आणि 'तमुक असेल तर अमुक' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोव्यात राहणारा माणूस मासे खात असण्याची शक्यता भरपूर आहे. म्हणून मासे खाणारा दिसला की तो गोव्याचाच, असं आपण म्हणत नाही, कारण मालवणपासून कोलकात्यापर्यंत मासे खाणारे कोट्यवधी आहेत. किटवर छापलेला आकडा 'लागण नसेल तर निकाल निगेटिव्ह' या दिशेचा असतो. रिपोर्ट हातात घेतलेल्या माणसाचा प्रश्न उलट्या दिशेचा असतो: 'निकाल पॉझिटिव्ह आहे, तर लागण आहे का?' किटवरच्या आकड्यावरून या उलट्या प्रश्नाचं उत्तर थेट मिळत नाही. मध्ये आपल्या तीन आकड्यांतला पहिला लागतो, मुळात किती जणांना लागण आहे हा. नेमका तोच रिपोर्टवर कुठे छापलेला नसतो.

मग वृक्ष काढायचा कसा?

टक्केवारी बाजूला ठेवा आणि माणसं मोजा. मुळाशी १,००,००० माणसं घ्या. एवढी मोठी संख्या मी मुद्दाम घेतो, म्हणजे फांद्यांवर अर्धी-पाव माणसं येत नाहीत.

पहिल्या फाट्याला दोन फांद्या: लागण आहे आणि लागण नाही. हजारी २ म्हणजे लाखात २००, उरलेले ९९,८००. आता प्रत्येक फांदीला पुन्हा दोन फांद्या. २०० पैकी ९९.५ टक्के, म्हणजे १९९ जण पॉझिटिव्ह येतील आणि एक सुटेल. ९९,८०० पैकी ९८ टक्के निगेटिव्ह, म्हणजे ९७,८०४. उरलेल्या २ टक्क्यांना, म्हणजे १,९९६ जणांना लागण नसताना किट पॉझिटिव्ह म्हणेल. हेच फॉल्स पॉझिटिव्ह.

```
१,००,००० जण
├─ लागण आहे : २००
│   ├─ पॉझिटिव्ह : १९९
│   └─ निगेटिव्ह : १
└─ लागण नाही : ९९,८००
    ├─ पॉझिटिव्ह : १,९९६
    └─ निगेटिव्ह : ९७,८०४
```

आता फक्त पॉझिटिव्हची टोकं बघा. १९९ आणि १,९९६, मिळून २,१९५. यातले खरे १९९. १९९ भागिले २,१९५ म्हणजे साधारण ०.०९. पॉझिटिव्ह आलेल्या शंभरातल्या नऊ जणांना लागण आहे, एक्याण्णव जणांना नाही.

मुलं इथे हमखास थबकतात. किट खराब आहे का? नाही. लागण असलेल्यांची फांदीच इतकी बारीक आहे की तिची जवळजवळ सगळी माणसं पकडली तरी ती २०० च्या आतच राहणार. दुसरी फांदी जवळजवळ लाखाची, तिचे नुसते दोन टक्के म्हटले तरी दोन हजार होतात.

परीक्षेत सूत्र लिहावं लागतं. ते या वृक्षात कुठे बसतं?

वृक्ष हेच सूत्र आहे. माणसांच्या जागी अपूर्णांक लिहा, मुळापासून टोकापर्यंत जाताना गुणा आणि हव्या त्या टोकांची बेरीज करा:

P(लागण | +) = (०.००२ × ०.९९५) ÷ (०.००२ × ०.९९५ + ०.९९८ × ०.०२)

वर ०.००१९९, खाली ०.०२१९५, उत्तर ०.०९०७. यालाच बेजचं प्रमेय म्हणतात. अंशात एक टोक आणि छेदात तेच टोक अधिक दुसरं पॉझिटिव्ह टोक, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

बारावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात याच धर्तीचं एचआयव्हीचं सोडवलेलं उदाहरण आहे: लागण ०.१ टक्के, पकडण्याचं प्रमाण ९० टक्के, फॉल्स पॉझिटिव्ह १ टक्का. लाखाचा वृक्ष काढा. लागण १००, त्यातले ९० पॉझिटिव्ह. लागण नसलेले ९९,९००, त्यातले ९९९ पॉझिटिव्ह. उत्तर ९० भागिले १,०८९, म्हणजे सुमारे ०.०८३. तोंडी होतं.

पेपर तपासताना दोन चुका फार दिसतात. छेदात १,००,००० लिहिणं ही एक. प्रश्न पॉझिटिव्ह आलेल्यांबद्दल आहे, मग निगेटिव्ह आलेले छेदात येतीलच कसे? दुसरी चूक खालच्या फांदीवर ०.०२ च्या जागी ०.९८ लिहिण्याची. ती टाळायला एकच तपासणी करा: एका फाट्यातून निघालेल्या दोन फांद्यांची बेरीज १ यायला हवी, आणि चारही टोकांवरची माणसं मिळून मुळाएवढी.

अधिक चांगलं किट वापरलं तर प्रश्न सुटेल का?

चांगलं कशात, हे आधी विचारा. संवेदनशीलता थेट १०० टक्के केली, तर खरे पॉझिटिव्ह १९९ चे २०० होतात. फॉल्स तेवढेच राहतात. उत्तर ९.०७ वरून ९.१ टक्क्यांवर जातं, म्हणजे जवळजवळ जागचं हलत नाही.

विशिष्टता ९८ वरून ९९.५ टक्के केली, तर फॉल्स पॉझिटिव्ह १,९९६ वरून ४९९ वर येतात आणि उत्तर १९९ भागिले ६९८, म्हणजे साडेअठ्ठावीस टक्के होतं. तिपटीहून जास्त. तरीही पॉझिटिव्ह आलेल्यांत निम्म्याहून अधिक जण लागण नसलेलेच. रोग विरळ असेल तेव्हा निकालाचं वजन विशिष्टता ठरवते. किटची जाहिरात 'एकही रुग्ण सुटत नाही' म्हणते, तेव्हा ती वृक्षाच्या वरच्या फांदीबद्दल बोलत असते आणि आपली अडचण खालच्या फांदीवर असते.

लागण नसताना किट पॉझिटिव्ह दाखवतं तरी कसं?

नेहमीचं रॅपिड किट मुख्यतः अँटिबॉडी शोधतं. पट्टीवर विषाणूच्या प्रथिनांचे तुकडे चिकटवलेले असतात, रक्तातल्या अँटिबॉडी त्यांना धरतात आणि तिथे रेघ उमटते. पण शरीरात इतर कारणांनी तयार झालेल्या अँटिबॉडीही क्वचित त्याच तुकड्यांना चिकटतात. स्वतःच्याच पेशींवर हल्ला करणारे आजार, काही इतर संसर्ग, गर्भावस्था, नुकतीच घेतलेली एखादी लस, अशी कारणं नोंदवली गेली आहेत.

शिवाय हाताळणी. पट्टी ठरलेल्या वेळेतच वाचायची असते. वेळ उलटल्यावर बघितली तर कधीकधी पुसट रेघ दिसते आणि ती पॉझिटिव्ह समजली जाते. नियंत्रणाची रेघ उमटलीच नाही, तर निकाल पॉझिटिव्हही नाही आणि निगेटिव्हही नाही. ती पट्टी टाकून नवी घ्यायची. नमुन्यांची अदलाबदल मात्र कुठल्याच टक्केवारीत धरलेली नसते.

मग सरकारी केंद्रात काय करतात? एका चाचणीवर निकाल देतात का?

पॉझिटिव्ह निकाल एका चाचणीवर देत नाहीत. लक्षणं नसलेल्या माणसासाठी नाकोच्या पद्धतीप्रमाणे पहिली चाचणी निगेटिव्ह आली तर निकाल निगेटिव्ह. पॉझिटिव्ह आली, तर त्याच नमुन्यावर वेगळ्या किटने दुसरी आणि आणखी वेगळ्या किटने तिसरी. तिन्ही पॉझिटिव्ह असतील तरच पॉझिटिव्ह सांगतात. पहिल्या चाचणीच्या निकालाला म्हणूनच जाणकार 'पॉझिटिव्ह' न म्हणता 'रिअॅक्टिव्ह' म्हणतात. चाचण्यांचं एकमेकींशी जुळलं नाही, तर निकाल अनिश्चित ठरवून दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा नमुना घेतात.

तीनच का, हे वृक्षच सांगतो. पहिल्या वृक्षातले २,१९५ जण आता नव्या वृक्षाचं मूळ. त्यांत लागण असलेले १९९ आणि नसलेले १,९९६. लागणीचं प्रमाण आता हजारी २ राहिलेलं नाही, ते ९ टक्के झालं आहे. दुसऱ्या किटची संवेदनशीलता तेवढीच, विशिष्टता ९९ टक्के धरू. १९९ पैकी १९८ पुन्हा पॉझिटिव्ह येतील. १,९९६ पैकी एक टक्का, म्हणजे २०. एकूण २१८ मध्ये खरे १९८: जवळजवळ ९१ टक्के.

थांबावं का इथे? दर ११ जणांत एकाला लागण नसताना आयुष्यभराचं निदान मिळेल. तिसऱ्या किटचीही विशिष्टता ९९ टक्के धरली, तर १९८ पैकी १९७ उरतात आणि त्या २० जणांपैकी सरासरी ०.२, म्हणजे असे पाच लाख लोक तपासले तर एखादा. उत्तर ९९.९ टक्के.

तेच किट तीनदा वापरलं तर चालणार नाही का? स्वस्त पडेल.

वृक्ष नीट समजला आहे की नाही, हे याच प्रश्नावर कळतं. दुसऱ्या वृक्षात आपण १,९९६ जणांना एक टक्का लावला, तेव्हा एक गोष्ट गृहीत धरली: पहिल्या किटला फसवणारं कारण दुसऱ्या किटला फसवेलच असं नाही. एखाद्या बाईच्या रक्तातली अँटिबॉडी पहिल्या किटच्या तुकड्याला चिकटत असेल, तर त्याच बनावटीच्या दुसऱ्या पट्टीलाही ती चिकटणार. तिच्यासाठी त्या फांदीवरचा आकडा ०.०१ नाही, १ च्या जवळपास आहे. तीनदा पॉझिटिव्ह दिसेल आणि माहिती मिळेल एकाच चाचणीची. म्हणून तिन्ही किटमधली प्रथिनं किंवा तपासण्याचं तत्त्व वेगळं असावं, असा नियम आहे. तसं असूनही किट एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र नसतात, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा ९९.९ पेक्षा थोडा कमी असू शकतो.

तेच किट पुन्हा वापरल्याने पट्टी उशिरा वाचण्यासारखी हाताळणीची चूक मात्र पकडली जाते. तेवढाच फायदा.

सगळ्यांना तीन चाचण्या लागतात का?

नाही, आणि त्यामागेही मुळाशी असलेला आकडाच आहे. एड्सशी जुळणारी लक्षणं घेऊन आलेल्या रुग्णासाठी नाकोच्या पद्धतीत दोन चाचण्या पुरतात. समजा, अशा रुग्णांत लागण २० टक्के आहे. लाखात २०,०००, त्यातले १९,९०० पॉझिटिव्ह. लागण नसलेल्या ८०,००० मधून फॉल्स १,६००. पहिल्याच चाचणीनंतर जवळजवळ ९३ टक्के. दुसरीनंतर सुमारे १९,८०० विरुद्ध १६, म्हणजे ९९.९ टक्के. सरसकट लोकांसाठी जिथे पोहोचायला तीन चाचण्या लागल्या, तिथे हे दोनमध्ये पोहोचले. किट तीच, विशिष्टता तीच, फक्त पहिला फाटा बदलला.

रक्तपेढीत तर एकच चाचणी पुरते. पॉझिटिव्ह दिसली की पिशवी बाद. फॉल्स पॉझिटिव्हची किंमत तिथे एक पिशवी आहे, माणसाचं निदान नाही. मात्र त्या एका निकालावरून दात्याला 'तुम्हाला एचआयव्ही आहे' असं सांगता येत नाही. त्याला समुपदेशन केंद्रात पाठवून पुढच्या चाचण्या कराव्या लागतात.

लग्नाआधीची सक्तीची चाचणी कुठे करून पाहिली आहे का?

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने १९८८ मध्ये केली. पहिल्या सहा महिन्यांत ७०,८४६ अर्जदार तपासले, लागण आढळली ८ जणांना. लाखात साधारण ११. आपला वृक्ष या आकड्यावर काढा: खरे ११, आणि ९८ टक्के विशिष्टतेच्या एका चाचणीत फॉल्स सुमारे २,०००. पॉझिटिव्ह आलेल्या १८० जणांत एक खरा. इलिनॉयमध्ये निकाल पक्का करणाऱ्या पुढच्या चाचण्या होत्या, म्हणून ते ८ वर पोहोचले. पण तोवर बरेच जण शेजारच्या राज्यांत जाऊन लग्न करू लागले आणि १९८९ मध्ये सक्ती मागे घेतली गेली. आपल्याकडेही बांदा-सावंतवाडी काही लांब नाही.

सक्तीच्या बाजूने बोलणारे 'एक जरी सापडला तरी' असं म्हणतात. माझं मत विचाराल तर, तो एक सापडेपर्यंत किती घरांत पहिल्या चाचणीचा कागद फिरला असेल आणि किती लग्नं मोडली असतील, हा आकडाही त्याच वाक्यात यायला हवा.

निगेटिव्ह आली तर निश्चिंत राहायचं?

आपल्या वृक्षात निगेटिव्ह ९७,८०५ आणि त्यांत लागण असलेला एक. विरळ रोगात निगेटिव्ह निकाल फार भरवशाचा असतो.

एक मर्यादा आहे. लागण झाल्यानंतर अँटिबॉडी दिसू लागायला काही आठवडे जातात आणि त्या काळात ९९.५ टक्के हा आकडा लागू होत नाही. २०० पैकी २० जण त्या काळात आहेत आणि किट त्यांतल्या कुणालाच पकडत नाही असं धरलं, तर सुटलेले १ ऐवजी सुमारे २१ होतात. निगेटिव्हांत साधारण ४,७०० मागे एक. म्हणून धोक्याचा प्रसंग नुकताच घडला असेल तर केंद्रात पुन्हा यायला सांगतात. किती आठवड्यांनी, हे तिथल्या समुपदेशकाला विचारा, किंवा १०९७ या राष्ट्रीय हेल्पलाइनला.

हाच वृक्ष डेंग्यूच्या एनएस-वन चाचणीला लावता येईल का?

येईल, पण चित्र उलटं होतं. पावसाळ्यात तापाने आलेले १,००० रुग्ण घ्या. समजा, त्यांत डेंग्यूचे ३००, रॅपिड किटची संवेदनशीलता ७० टक्के आणि विशिष्टता ९७ टक्के. (हे आकडे फक्त उदाहरणासाठी.) ३०० पैकी २१० पॉझिटिव्ह, ९० सुटले. ७०० पैकी २१ फॉल्स पॉझिटिव्ह, ६७९ निगेटिव्ह.

पॉझिटिव्ह २३१ मध्ये खरे २१०, म्हणजे ९१ टक्के. मूळ फांदीच जाड असल्यामुळे फॉल्स पॉझिटिव्हचा त्रास इथे कमी. निगेटिव्ह मात्र ७६९ आणि त्यांत डेंग्यूचे ९०. आठ-नऊ निगेटिव्हांत एकाला डेंग्यू आहेच. शिवाय एनएस-वन हे प्रथिन रक्तात मुख्यतः तापाच्या पहिल्या पाच दिवसांत सापडतं, त्यामुळे उशिरा केलेल्या चाचणीत ती ७० टक्क्यांची फांदी आणखी खाली येते. पाचव्या दिवसानंतर डॉक्टर एलायझा पद्धतीची आयजीएम चाचणी सांगतात ती याचसाठी. आणि निगेटिव्ह रिपोर्ट हातात असूनही प्लेटलेट बघायला उद्या परत या म्हणतात, ते त्या नव्वद जणांसाठी.